बँकेला शिल्लक दाखल्याचं पत्र लिहिताना

पत्रात ‘आजची शिल्लक’ लिहू नकोस, ‘दि. 31 मार्च अखेरची’ असं स्पष्ट लिही. चालू खात्यासोबत कॅश क्रेडिट, मुदत ठेवी, बंद पडलेलं खातंही नंबरासकट घाल; आमच्या सांगलीच्या हळदीच्या पेढीत एक जुनी ठेव अशीच राहून गेली होती. सही बँकेत नोंद असलेल्याचीच, खाली फर्मचा शिक्का. दाखला थेट ऑडिटरच्या पत्त्यावर पाठवायला सांग, त्यांना तोच खात्रीचा वाटतो.

आपल्या वहीतला आकडा मात्र पत्रात घालू नकोस. समज, 30 मार्चला दिलेला 40,000 चा चेक 3 एप्रिलला वटला. वहीत 2,10,000, दाखल्यात 2,50,000 येणार. घाबरू नकोस, तो फरक बँक मेळपत्रकात दाखवायचा.