शौच तपासणीच्या फोटोतला तपकिरी गोळा

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलीचं पोट सारखं दुखतं. शौच तपासणीच्या फोटोत तपकिरी, खडबडीत कडेचा गोळा दिसतोय. हा जंत आहे का?

उत्तर: वर्णनावरून ते गोल जंताचं अंडं वाटतं, म्हणजे अंडी घालणारी मादी आतड्यात आहे. मी लॅबमध्ये रोज अशा स्लाइड बघते. पित्तामुळे अंड्याला तपकिरी रंग येतो, आणि खडबडीत कड म्हणजे त्याचं जाड, उंचसखल कवच. ताज्या शौचातून ते लगेच कुणाला लागत नाही. मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावरच संसर्गजन्य होतं. म्हणून न धुतलेली भाजी आणि मातीचे हात सांभाळा.

जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीची सिस्ट, म्हणजे शौचातून बाहेर पडणारं त्याचं कवचातलं रूप, मात्र वेगळी. ती अंड्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी, लंबगोल आणि गुळगुळीत असते. आयोडीनचा थेंब टाकला की आत चारपर्यंत ठिपके, म्हणजे केंद्रकं, दिसतात. ती बाहेर पडल्यापडल्याच दुसऱ्याला लागू शकते. हा फरक औषधासाठी महत्त्वाचा आहे: गोल जंतावर अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी बहुधा पुरते, जिआर्डियाला ती एक गोळी पुरत नाही. त्यामुळे रिपोर्टवर लिहिलेलं नाव बघा आणि औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.

एक मात्र लक्षात घ्या, अंडं दिसलं म्हणजे पोटदुखी त्याचीच असं नाही. थोडे जंत असलेल्या मुलांना बरेचदा काहीच होत नाही. गोळीनंतरही दुखत राहिलं, रात्री दुखण्यानं जाग आली, वजन घटलं किंवा शौचात रक्त दिसलं तर पुन्हा तपासून घ्या. हिरवी उलटी झाली किंवा पोट फुगून शौच बंद झालं, तर लगेच दवाखाना गाठा.