आई परत जायच्या आत लग्न ठरवायचं का?

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी माझी पत्नी गेली. मुलगी सहा वर्षांची आहे. आई लगेच व्हिजिटर व्हिसावर इकडे आली. तिचे सहा महिने पुढच्या महिन्यात संपतात. ‘मी जायच्या आत ठरवून टाक’ हे रोज चालू आहे. दादा आणि मावशी व्हॉट्सॲपवर स्थळं पाठवतात. चिडलो तर आई रडते, गप्प बसलो तर दुसऱ्या दिवशी नवा बायोडेटा येतो. काय बोलू?

उत्तर : आईचं ‘मी जायच्या आत’ हे म्हणणं नीट ऐका. तिला सुनेची घाई आहे असं मला वाटत नाही. तिचं विमान सुटल्यावर सकाळी नातीची वेणी कोण घालणार, ताप आला तर शाळेतून कोण आणणार, ही काळजी तिला झोपू देत नाही. त्यावर लग्न हा एकच उपाय तिला माहीत आहे. म्हणून आधी घर कसं चालेल ते तिला दाखवा. लग्नाचं बोलणं त्यानंतर.

उरलेल्या चार आठवड्यांत हे करून बघा. शाळेनंतर मुलांना सांभाळण्याची सोय असते, तिथे आत्ताच नाव घाला. आई गेल्यावर घातलंत तर जागा मिळेलच असं नाही. तुम्ही मीटिंगमध्ये अडकलात तर शाळेने कुणाला फोन करायचा, अशा दोघांची नावं त्यांना विचारून शाळेत नोंदवा. मग शेवटचे दोन आठवडे आईने घरातच असावं, पण हात लावू नये. सगळं तुम्ही करा. पहिल्या दिवशी उशीर होईल, डबा विसराल. चालेल. वेणी वाकडी का होईना, तुम्ही घातलेली आईने पाहिली की तिचा आवाज आपोआप खाली येईल.

आता बोलायचं काय. ‘आत्ता नको’ एवढंच म्हणू नका, कारण घरच्यांना त्यात ‘थोड्या दिवसांनी चालेल’ असंच ऐकू येतं. ‘ही मुलगी मला पटत नाही’ असंही नको, मग लगेच दुसरी शोधतात. कारणंही देत बसू नका. प्रत्येक कारणावर मावशीकडे तोडगा असतोच. एकच वाक्य ठरवा आणि दर वेळी, त्याच शांत आवाजात, तेच बोला : “आई, तुला काळजी वाटते हे मला कळतं. वर्ष होईपर्यंत मी लग्नाचा विचार करणार नाही. त्यानंतर विषय मी स्वतः काढेन.” वर्षानंतर होकार देणार असं यात कुठेही नाही, हे दादाला मात्र वेगळं स्पष्ट करून सांगा. आई पुन्हा रडेल. तेव्हा शेजारी बसा, पण वाक्य बदलू नका. रडू थांबवण्यासाठी दिलेला अर्धा होकार दुसऱ्या दिवशी नातेवाइकांत पोहोचलेला असतो.

दादाला एकट्याला फोन करा आणि एक काम सोपवा : स्थळं आली तर त्यानेच थांबवायची. तुमचा फोटो किंवा माहिती आधीच कुठे गेली असेल, तर त्या घरी याच आठवड्यात स्वच्छ नकार कळवायला सांगा. तिकडेही कुणाची तरी लेक वाट बघत असते. तिला ताटकळत ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्या मुलीची वाटते. व्हिडिओ कॉल स्पीकरवर असतो, ती शेजारी चित्र रंगवत असते, आणि मावशी ‘नवी आई’ म्हणते. सहा वर्षांच्या मुलीला ते पुरतं कळतं. हा विषय निघाला की “मी नंतर फोन करतो” म्हणून कॉल तिथेच बंद करा. उद्धटपणा वाटला तरी चालेल. आणि तिला जवळ घेऊन सांगा : “आत्ता घरात कुणी नवीन येणार नाहीये. कधी काही ठरवायचं झालं तर तुला आधी सांगेन.” ‘मी कधीच लग्न करणार नाही’ असं वचन देऊ नका. उद्या तुमचं मन बदललं तर ते मोडावं लागेल.

एक अपवाद आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कामावर लक्ष नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही अशी अवस्था असेल, तर घरच्यांच्या काळजीत तथ्य आहे. त्यावर लग्न हा उपाय नाही. डॉक्टरांना भेटा, आणि जीव नकोसा वाटत असेल तर आजच भेटा.

आणि आज संध्याकाळी सासूबाईंना फोन करा. त्यांची मुलगी जाऊन पाच महिने झालेत, आणि स्थळांची चर्चा बहुतेक त्यांच्याही कानावर गेली असेल. असं काही ठरत नाहीये, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे.