नातवंड सांभाळताना: आजी-आजोबांचे प्रश्न

प्रश्न : नातवाला सेरेब्रल पाल्सी आहे, वय चार. मी मांडीवर आडवं घेऊन वरणभात भरवते. सून म्हणते खुर्चीतच बसवा. माझी तीन मुलं अशीच वाढली की!

तुमच्या तिन्ही मुलांना घास गिळायला अडचण नव्हती. या आजारात तोंडाच्या आणि घशाच्या स्नायूंवरचा ताबा कमी असतो. मूल आडवं असलं आणि मान मागे पडली, की घास त्याने गिळण्याआधीच घशात घरंगळतो आणि श्वासनलिकेत जाऊ शकतो. भरवताना खोकला येणं, नंतर घशात घुरघुरणं, वरचेवर छातीत कफ होऊन ताप येणं या त्याच्या खुणा आहेत. काही मुलांना तर खोकलाही येत नाही. या खुणा दिसत असतील तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

त्याला ताठ बसवा, पाय टेकलेले आणि हनुवटी किंचित खाली. तुम्ही समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. वरून चमचा आला की मान आपोआप मागे जाते. भात मऊ, एकजीव कालवा. पातळ वरणात सुटी शितं नकोत. अर्धा चमचा घास, तो गिळला की पुढचा. अर्ध्या तासात तो थकला तर थांबा आणि दिवसातून जास्त वेळा थोडं थोडं द्या.

एकदा थेरपिस्टकडे सुनेबरोबर तुम्हीही जा आणि त्यांच्यासमोर भरवून दाखवा. मग 'सून सांगते' हा मुद्दाच उरणार नाही. दुपारचं जेवण मात्र तुमच्याकडेच ठेवा. तुमच्याइतका धीर घरात बहुधा कुणाकडे नसेल.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून बाळ असं झालं. मी आतून तुटते.

ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला इजा झालेली असते, गर्भात, जन्माच्या वेळी किंवा नंतर. मुदतीआधीचा जन्म, प्राणवायू कमी पडणं, तीव्र कावीळ, मेंदूचा संसर्ग अशी कारणं असतात. पुष्कळदा नेमकं कारण सापडतही नाही. हे तुम्ही सांगितलंत तर वाद होईल. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते सासूबाईंसमोर सांगायला लावा. आणि त्यांनाही कदाचित 'मीच काही कमी केलं का' असं आत खात असेल.

प्रश्न : पायाचं स्प्लिंट घातलं की नात रडते. मी काढून टाकतो, मुलगा चिडतो.

काढण्याआधी पाय बघा. टाच मागे नीट टेकली आहे का, मोज्याला सुरकुती आहे का? स्प्लिंट काढल्यावरचा लाल वण अर्ध्या तासात गेला तर काळजी नको. टिकला, फोड आला किंवा कातडी सोलली, तर स्प्लिंट घालणं थांबवा आणि ते तपासून नीट करून घ्या. रोज किती तास घालायचं ते थेरपिस्टकडून लिहून घ्या आणि घातल्याची, काढल्याची वेळ वहीत टिपत जा. पुढच्या भेटीला ती वही तुम्हीच घेऊन जा.