एक्सपायरी माल स्टॉकमधून काढणं आणि होलसेलरकडून क्रेडिट वसूल करणं

प्रश्न: आमच्या मेडिकलमध्ये चाळीस हजारांचा एक्सपायरी माल साठलाय. होलसेलर म्हणतो जुना झाला, घेणार नाही. हा माल पुस्तकातून कसा काढू आणि क्रेडिट मिळेल का?

उत्तर:

आधी एक विचारतो, हे चाळीस हजार एमआरपीने आहेत की खरेदीच्या भावाने? दहापैकी नऊ दुकानदार एमआरपीने सांगतात. १२ टक्के जीएसटीचा माल असेल आणि आपला नफा नेहमीचा २० टक्के धरला, तर ११२ रुपये एमआरपीची पट्टी आपल्याला कराशिवाय ८० ला पडते. म्हणजे तुमचे चाळीस हजार खरं तर साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास आहेत. क्रेडिट मागायचं ते या आकड्यावर. एमआरपीने यादी धाडली की होलसेलरचा माणूस ती बाजूला ठेवून देतो आणि दोन महिन्यांनी म्हणतो, "तुमची यादी चुकलीय."

मी तालुक्याच्या गावात सतरा वर्षं मेडिकल चालवतोय. सुरुवातीची काही वर्षं मीही तुमच्यासारखंच करायचो. माल एक्सपायर झाला की सॉफ्टवेअरमधून लगेच उडवायचा, खोक्यात टाकायचा आणि कधीतरी होलसेलरला द्यायचा. यात घोळ असा की माल आपल्या पुस्तकातून गेलेला असतो, पण पैसे यायचे बाकी आहेत याची नोंद कुठेच नसते. क्रेडिट कमी आलं किंवा आलंच नाही, तरी कळायला मार्ग नाही. स्टॉकमधून बाजूला काढणं आणि नुकसान म्हणून लिहून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सगळ्यात शेवटी करायची असते.

आम्ही आता असं करतो. दर महिन्याच्या एक तारखेला मागच्या महिन्यात संपलेला माल कपाटातून उचलायचा. पट्टीवर ०५/२०२५ असेल तर तो ३१ मेपर्यंत चालतो, म्हणून एक जूनला काढायचा, आधी नाही. फ्रीज विसरू नका, इन्सुलिन आणि डोळ्यांचे थेंब तिथेच मागे सरकून बसतात. हा माल सॉफ्टवेअरमध्ये 'एक्सपायरी' नावाच्या वेगळ्या गोडाऊनला टाकायचा. तो विक्रीला दिसत नाही, पण किंमत पुस्तकात राहते. प्रत्यक्षात तो एका खोक्यात जातो आणि खोक्याच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'नॉट फॉर सेल' लिहायचं. ही शिस्त म्हणून नाही. औषध नियमावलीतल्या ६५ (१७) प्रमाणे मुदत संपलेलं औषध दुकानात ठेवणंच गुन्हा आहे. सूट एवढीच की कंपनीकडे किंवा तिच्या माणसाकडे परत देण्याची कारवाई सुरू केली असेल, माल विक्रीच्या मालापासून वेगळा असेल आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असेल तर तो तात्पुरता ठेवता येतो. आमच्याकडे एकदा ड्रग इन्स्पेक्टर आले, खोकं पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "क्लेम टाकलाय का? कागद दाखवा." म्हणून चलनाची सही घेतलेली प्रत जपायची. तीच होलसेलरकडे पुरावा आणि तीच इन्स्पेक्टरपुढे उत्तर.

आता चलन. कोऱ्या कागदावर 'एक्सपायरी माल, ३५ नग' असं लिहून देऊ नका. प्रत्येक ओळीला औषधाचं नाव, बॅच, एक्सपायरी, नग, एमआरपी आणि आपण ज्या बिलाने तो घेतला त्या बिलाचा नंबर व तारीख. बहुतेक होलसेलर स्वतः दिलेल्या बॅचचाच माल परत घेतात, कारण पुढे कंपनीकडे त्यांनाही बॅच जुळवून दाखवावी लागते. तीन होलसेलरकडून एकच गोळी घेत असाल तर कोणती बॅच कोणाची, हे खरेदीच्या रजिस्टरवरून काढावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण क्रेडिट इथेच मिळतं किंवा बुडतं.

एक छोटी सवय सांगतो, जी मी पोरांच्या डोक्यात बसवायला दोन वर्षं घालवली. पट्टी कापताना बॅच आणि एक्सपायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत ठेवायचं. गिऱ्हाइकाला सहा गोळ्या दिल्या, उरल्या चार, आणि त्या चारांवर काहीच छापलेलं नाही, तर ती पट्टी कुणी घेणार नाही. आणि खरं तर टोक ठेवलं तरी कट पट्टी बऱ्याच कंपन्या घेत नाहीत. पण टोक नसेल तर तिची मुदत संपलीय की नाही हेच आपल्याला कळत नाही, आणि ते जास्त वाईट.

एक प्रत्यक्ष हिशोब दाखवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये एक गोळी १०+१ स्कीममध्ये घेतली होती. बिलावर २० पट्ट्या ८० च्या भावाने, सोबत दोन फुकट. १६०० रुपये आणि १२ टक्के जीएसटी १९२, एकूण १७९२. मे २०२५ ला मुदत संपली तेव्हा आठ अख्ख्या पट्ट्या आणि चार गोळ्यांची एक कट पट्टी उरली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात चलन दिलं. आमच्या पोराने आठ गुणिले ८० म्हणजे ६४० मागितले आणि कट पट्टीही सोबत बांधली. ऑगस्टमध्ये क्रेडिट नोट आली ५८२ ची, आणि कट पट्टी त्याच पिशवीतून परत.

पोरगा चिडला, "अठ्ठावन्न रुपये कापले!" कापले नव्हते. आम्ही १६०० रुपयांत २० नाही, २२ पट्ट्या आणल्या होत्या. एक पट्टी ७२ रुपये ७३ पैशांना पडली. आठ पट्ट्यांचे होतात ५८१.८२, आणि तेच मिळाले. फुकट आलेल्या मालाचं क्रेडिट स्कीम वजा करूनच येतं. तुमचं सॉफ्टवेअर फुकट नग शून्य भावाने आणि बाकी ८० ने धरत असेल, तर तिथे दिसणारा अठ्ठावन्न रुपयांचा तोटा खोटा आहे. भाव दुरुस्त करा, हाकाटी करू नका. काही कंपन्या मात्र खरोखरच ठरावीक टक्के कापतात. ते वेगळं. तो तोटा खराच असतो आणि तो लिहायचा असतो.

खरा तोटा होता कट पट्टीचा. चार गोळ्या, म्हणजे पट्टीचा ०.४ भाग, किंमत २९ रुपये ९ पैसे. क्रेडिट नोट हातात आली त्याच दिवशी ही कट पट्टी 'एक्सपायरी तोटा' खात्यात टाकली. आणि तिच्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, ३ रुपये ४९ पैसे, परत फिरवलं. लिहून टाकलेल्या किंवा नष्ट केलेल्या मालावर इनपुट क्रेडिट ठेवता येत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७ (५) (एच). रक्कम क्षुल्लक, पण वर्षभराच्या मालावर ती क्षुल्लक राहत नाही.

आठ पट्ट्यांवरच्या जीएसटीचं काय? इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. माल २०२३-२४ च्या आर्थिक वर्षातला. त्यावर करासह क्रेडिट नोट देण्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत होती (वार्षिक विवरण त्याआधी भरलं असेल तर त्या दिवसापर्यंत). औषधाची मुदत साधारण दोन-तीन वर्षांची असल्यामुळे एक्सपायरीच्या मालावर ही तारीख बहुतेक वेळा उलटून गेलेली असते. तेव्हा होलसेलर क्रेडिट नोट देऊ शकतो, पण ती नुसती व्यापारी, कराशिवाय. यात तुमची फसवणूक नाही. त्याने आपला कर कमी करून घेतलेला नसतो, म्हणून आमच्या सीएने आमच्या बाजूचं इनपुट क्रेडिटही तसंच ठेवलं. उलट मुदतीत करासह नोट आली असती तर ५८२ वर ७० रुपये जास्त मिळाले असते आणि तेवढंच इनपुट क्रेडिट परत द्यावं लागलं असतं. हिशोब बरोबरीतच. चूक होते ती नोंद करताना. नोट कराशिवाय आलीय आणि मुनीम ती जीएसटीच्या खरेदी परताव्यात १२ टक्के लावून चढवतो. मग इनपुट क्रेडिट विनाकारण कमी होतं आणि होलसेलरच्या खात्याशी आपलं खातं जुळत नाही. नोटवर कराची ओळ आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ती चढवू नका.

दुसरी वाटही आहे, माल आपणच बिल करून होलसेलरला विकल्यासारखा परत देणं. ऑक्टोबर २०१८ च्या ७२ नंबरच्या परिपत्रकात दोन्ही वाटा दिल्यात. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आलीत. १२ ने घेतलेला जुना माल आज ५ ने बिल करून देताना होलसेलर कोणती वाट मागतोय ते आधी विचारा. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर इनपुट क्रेडिटचा प्रश्नच नाही, परत देताना बिल ऑफ सप्लाय द्यायचं.

आता तुमच्या चाळीस हजारांकडे. माल चार ढिगांत लावा. पहिला, एक्सपायर होऊन तीन महिने झाले नाहीत असा. बऱ्याच कंपन्या एवढ्या काळापर्यंत घेतात, कंपनीगणिक नियम वेगळा. याचं चलन याच आठवड्यात द्या. दुसरा, तीन महिन्यांपलीकडचा पण नामांकित कंपनीचा. होलसेलर नाही म्हणाला तरी त्या कंपनीच्या एमआरला गाठा. माझा एकदा सहा हजारांचा ढीग असाच सुटला, कारण मधे त्या कंपनीचा स्टॉकिस्ट बदलला होता आणि जुना-नवा दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते. एमआरने कंपनीच्या डेपोला लिहिल्यावर काम झालं. तिसरा ढीग, स्वस्त जेनेरिक. त्यांच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 'एक्सपायरी परत घेणार नाही' असतं, वाचा. तिथे नफा जास्त मिळाला होता तो याचसाठी. चौथा, कट पट्ट्या आणि बिल न सापडणारा माल.

तिसरा आणि चौथा ढीग लिहून टाका, इनपुट क्रेडिट फिरवा, आणि माल कचऱ्यात किंवा नाल्यात टाकू नका. होलसेलरला विनामोबदला फक्त नष्ट करण्यासाठी घ्यायला सांगा, किंवा तुमच्या भागातल्या दवाखान्यांचा जैव कचरा उचलणाऱ्या संस्थेला भट्टीसाठी द्या आणि पावती घ्या. पट्ट्या देण्याआधी आडव्या कापून टाका. परत बाजारात शिरलेल्या एक्सपायरी पट्टीवर तुमच्या दुकानाची बॅच सापडलेली तुम्हाला परवडणार नाही.

पहिल्या दोन ढिगांचं क्रेडिट ३१ मार्चपर्यंत आलं नाही, तर ते विक्रीच्या स्टॉकमध्ये धरू नका, 'क्लेम येणे' म्हणून वेगळं दाखवा. चलनाच्या प्रती त्याच फाइलला लावून ठेवा.