रुजू अहवाल की हजर अहवाल?

प्रश्न : बदली झाल्यावर नव्या कार्यालयात जे पत्र द्यायचे, त्याला ‘रुजू अहवाल’ म्हणावे की ‘हजर अहवाल’? आणि संदर्भात ‘कार्यमुक्त आदेश’ लिहायचे की ‘कार्यमुक्ती आदेश’?

दोन्ही नावे कचेऱ्यांत चालतात आणि दोन्हींपैकी एकही चूक नाही. तरी मी ‘रुजू अहवाल’ लिहीन. कारण हे दोन शब्द एकच काम करत नाहीत, आणि चांगल्या पत्रात ते दोन्ही आपापल्या जागी येतात.

‘हजर’ म्हणजे माणूस समोर आहे, एवढेच. हजर होणे ज्याचे त्याच्या हातात असते. ‘रुजू’ हा अरबी ‘रुजूअ’वरून आला. तिकडे त्याचा अर्थ परतणे, एखाद्याकडे वळणे. मराठीत त्याला पडताळून मान्य झाल्याचीही छटा आली. तलाठ्याकडच्या किंवा कोर्टातल्या नकलेवर खाली ‘रुजवात घेणार’ असे लिहून सही असते. मुळाशी ताडून पाहिल्याची ती खूण. ‘रुजवात’ या ‘रुजू’च्याच घरातली. (बी रुजते त्या ‘रुजणे’शी मात्र तिचा संबंध नाही.) म्हणून कर्मचारी हजर होतो आणि कार्यालय त्याला रुजू करून घेते. आदेश, पद, तारीख पाहिली आणि साहेबांनी शेरा मारला, की रुजू होणे पुरे झाले. जुने लिपिक लिहीत ते ‘हजर झालो आहे, तरी रुजू करून घ्यावे’ हे वाक्य द्विरुक्तीचे वाटते, पण ते अगदी नेमके आहे.

लिहिताना पहिला रु ऱ्हस्व, जू दीर्घ : रुजू. ‘रूजू’ किंवा ‘रुजु’ नको.

आता दुसरा भाग. ‘कार्यमुक्त’ हे विशेषण आहे आणि ते माणसाला लागते. मुक्त कर्मचारी होतो, आदेश होत नाही. म्हणून ‘कार्यमुक्ती आदेश’ किंवा सरळ ‘कार्यमुक्तीचा आदेश’.

पण मला जास्त खटकते ते ‘अन्वये’. पुष्कळ पत्रांत ‘संदर्भ क्र. 2 च्या कार्यमुक्ती आदेशान्वये मी आपल्या कार्यालयात रुजू होत आहे’ असे असते. कार्यमुक्तीचा आदेश जुन्या कार्यालयाने दिलेला असतो. तो फक्त तिथून सोडतो; नव्या जागी बसवण्याचा अधिकार त्याला नाही. नवे पद मिळते ते बदली आदेशान्वये. एका आदेशाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले की वाक्य दिसते बरोबर, पण सांगते चूक.

तारखेचेही तसेच. समजा, एका कनिष्ठ लिपिकाचा बदली आदेश 31 मे 2024 चा आहे. जुन्या कार्यालयाने कार्यमुक्तीचा आदेश शुक्रवारी, 7 जूनला काढला आणि त्यात ‘10 जून रोजी मध्यान्हनंतर कार्यमुक्त’ असे म्हटले. तो 11 जूनला सकाळी नव्या कार्यालयात पोचला. पत्रात त्याने ‘7 जून रोजी कार्यमुक्त’ लिहिले, तर 8 ते 10 जून हे तीन दिवस कुठे होता, हा प्रश्न सेवापुस्तकात नोंद घेताना उभा राहतो. कारण अंतिम वेतन प्रमाणपत्र 10 जूनपर्यंतचा पगार दाखवत असते. आदेशाची तारीख संदर्भात लिहावी, सुटल्याची तारीख मजकुरात. ‘म.नं.’ ही दोन अक्षरेही गाळू नयेत. मध्यान्हनंतर सुटलेल्याचा तो दिवस जुन्या पदावर धरतात आणि पदग्रहण अवधी दुसऱ्या दिवसापासून मोजतात. मध्यान्हपूर्व सुटला तर त्याच दिवसापासून.

त्या लिपिकाचा मजकूर मी असा लिहीन :

‘संदर्भ क्र. 1 च्या बदली आदेशान्वये माझी आपल्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक या पदावर बदली झाली आहे. संदर्भ क्र. 2 च्या आदेशानुसार मला दि. 10/06/2024 रोजी म.नं. पूर्वीच्या पदावरून कार्यमुक्त करण्यात आले. मी आज दि. 11/06/2024 रोजी म.पू. हजर झालो आहे. तरी मला रुजू करून घ्यावे, ही विनंती. सोबत दोन्ही आदेशांच्या प्रती जोडल्या आहेत.’

बाई असतील तर ‘झाले आहे’. विषयाच्या ओळीत मात्र ‘रुजू झाल्याबाबत’ न लिहिता ‘रुजू करून घेण्याबाबत’ लिहावे, कारण पत्र आवकेत पडते त्या क्षणी ते व्हायचे असते.