न्हाणी ट्रॅपमध्ये अ‍ॅसिड ओतू नका, हात घाला

प्रश्न: बाथरूममधलं पाणी पटकन जात नाही, जाळीखाली केस आणि साबण अडकतो. पाइप खराब न करता कसं साफ करायचं?

जाळी काढा, हातमोजा घाला आणि आत हात घालून केस बाहेर ओढा. बाटलीतलं काहीही ओतायचं असेल तर ते यानंतर, आधी नाही.

आमच्या डोंबिवलीच्या घरात यावरून सात वर्षं वाद होता. माझे केस कमरेपर्यंत, म्हणून पाणी तुंबलं की बोट माझ्याकडे. मोठे भाऊजी आले की अ‍ॅसिडची बाटली आणायचे आणि न्हाणीत निम्मी रिकामी करायचे. फेस यायचा, डोळे चुरचुरायचे, दोन-तीन दिवस पाणी जरा बरं जायचं. "बघ, झालं की नाही?" मी म्हणायचे, भाऊजी, केस आतच आहेत. कोण ऐकतंय!

मग खालच्या काकूंच्या छताला ओल आली. प्लंबरने आमची लादी फोडली. ट्रॅप आणि पुढचा पाइप यांचा सांधा सिमेंटने भरलेला होता. त्याने बोटाने खरवडलं तर सिमेंट ओल्या वाळूसारखं गळून पडलं. आणि ट्रॅपच्या वळणात मुठीएवढा केसांचा बोळा, केस न् केस शाबूत, वर पिवळट मेणासारखा थर. त्याने तो वर्तमानपत्रावर काढून ठेवला. भाऊजी समोरच उभे होते.

याचं कारण साधं आहे. बोअरच्या जड पाण्यात साबणातली चरबी आणि पाण्यातला चुना मिळून पांढरा चिकट साका होतो आणि तो केसांच्या जाळ्यात बसतो. अ‍ॅसिड त्यातला चुना काढून घेतं, पण चरबी मागे राहते. ती पाण्यात विरघळत नाही, मेणासारखी होऊन पुढे जाऊन बसते. केसांना अ‍ॅसिडने काही होत नाही. सिमेंटला, लाद्यांच्या फटींना आणि बिडाच्या जुन्या पाइपला मात्र होतं. कॉस्टिकच्या पावडरीने केस विरघळतात हे खरं, पण पाणी तुंबलेलं असताना ती तळाशी दगडासारखी घट्ट बसू शकते आणि इतकी तापते की पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतणाऱ्यांना एवढंच सांगते की दोघं एकमेकांना मारतात, केस तिथेच राहतात.

आता मी काय करते ते सांगते. जाळीखाली कटोरी असेल तर तीही काढायची. ट्रॅपमधलं पाणी मगाने उपसलं की आत दिसतं. केस बोटाने गोल फिरवत ओढायचे, म्हणजे बोळा अख्खा येतो. तोडत काढलात तर अर्धा आतच राहतो. वळणाच्या पलीकडे हात पोचत नाही, तिथे काटे असलेली प्लास्टिकची लांब पट्टी सरकवायची. लोखंडी तार नको, ती पाइपला ओरखडे पाडते आणि पुढचे केस त्याच ओरखड्यांत अडकतात. भिंतीवरचा थर जुन्या टूथब्रशने खरवडायचा. मग अर्धी बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून सावकाश ओतायचं आणि अर्धा तास राहू द्यायचं. पाणी उकळतं नको. उकळत्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळलं की पुरे. शेवटी एक बादली पाणी एकदम ओतून बघायचं. भोवरा करत गेलं तर काम झालं; वर चढून मग हळूहळू उतरलं तर वळणात अजून आहे.

तेव्हा रबरी पंप मारायचा. पण बेसिनचं पाणीही याच ट्रॅपमध्ये येत असेल तर बेसिनचं तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो.

आणि हो, दर दोन अंघोळींनंतर जाळीवरचे केस उचलून कचऱ्यात टाका. ज्याला आधी दिसतील त्याने टाकायचे, लांब केसवालीनेच नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त केस माझ्या नवऱ्याचे गळतात.

एक राहिलंच. कुणी नुकतंच अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक ओतलं असेल तर आत हात घालू नका आणि त्यावर दुसरं काही ओतू नका. अ‍ॅसिडवर ब्लीच पडलं तर विषारी वायू निघतो. आणि तुमच्यासोबत खालच्या-वरच्या घरातही पाणी तुंबत असेल, तर अडथळा तुमच्या ट्रॅपमध्ये नाही, इमारतीच्या उभ्या पाइपमध्ये आहे. तो सोसायटीने साफ करून घ्यायचा.