बंद टॅबवर अकरा टिकल्या

प्रश्न: आजीच्या टॅबवर रात्रीत अपडेट आलं आणि सगळे आयकॉन इकडचे तिकडे झाले. आता ती टॅबला हातच लावत नाही. तिला नवीन मांडणी कशी शिकवू?

नवीन मांडणी शिकवू नका. जुनी परत लावून द्या. आमच्या वाईच्या आजीबाबत आम्ही हे सगळं चैत्रात केलंय, म्हणून सविस्तर सांगते.

आजी पहाटे साडेपाचला उठते. दिवा न लावता, अंथरुणात बसूनच पंचांगाचं अ‍ॅप उघडते, तिथी बघते आणि मग हरिपाठ लावते. त्या दिवशी पंचांगाच्या जागेवर बोट ठेवलं आणि कॅमेरा उघडला, तोही समोरचा. अंधारात, कवळी न लावलेला एक चेहरा तिच्याकडे रोखून बघत होता. "बाई गं, ही कोण?" म्हणून तिने टॅब उशीवर पालथा घातला. थोड्या वेळाने धीर करून हरिपाठाच्या जागी बोट ठेवलं, तर घड्याळ उघडलं. मग तिने टॅब पंचात गुंडाळून कपाटात ठेवला आणि सात वाजता मला फोन केला. आवाज अगदी बारीक. "अगं, माझ्या हातून बिघडला बहुतेक तो. काल मी जोरात दाबलं होतं."

सगळ्यात आधी हीच गाठ सोडवावी लागते. आजीच्या हातून काहीच झालेलं नसतं. टॅब रात्री चार्जिंगला असतो, वायफाय चालू असतं आणि नेमक्या त्या वेळी सिस्टीम स्वतःला अपडेट करून घेते. Settings मध्ये Software update खाली शेवटचं अपडेट कधी झालं त्याची तारीख दिसते. ती तारीख मी आजीला नंतर बोट ठेवून दाखवली. "म्हणजे मी झोपले होते तेव्हा?" असं तीनदा विचारून तिने खात्री करून घेतली. तेव्हा कुठे ती टॅबजवळ सरकून बसली.

त्या सकाळी फोनवरून शिकवायचा प्रयत्न मी केला होता. "आजी, दात असलेलं चाक दिसतंय का?" "चाक नाही गं, इथे नुसता डोंगर आहे." तो वॉलपेपर होता. पाऊण तास असाच गेला. फोनवरून हे जमत नाही, कारण आपण नावं सांगतो आणि तिला नावं माहीतच नसतात. ती आयकॉन वाचत नाही, तिच्या बोटाला जागा माहीत असते. तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "कोणीतरी रात्री येऊन माझा मिसळणाचा डबा उपडा केला आणि मनाला येईल तसा भरून ठेवला. हळद घ्यायला जावं तर हातात मोहरी."

म्हणून शनिवारी वाईला गेल्यावर मी टॅब बंदच ठेवला. तिच्या मांडीवर दिला, तिच्याच टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि म्हटलं, "डोळे मीट. हरिपाठ लाव." बोट न अडखळता डावीकडे, खालून दुसऱ्या ओळीत जाऊन थांबलं. तिथे मी टिकली लावली. "आता धाकट्या काकाला फोन कर." उजवा कोपरा. टिकली. "फोटो बघ." मधोमध. अशा अकरा टिकल्या झाल्या. त्यातल्या नऊ जागांवर बोट एकदाही चुकलं नाही. उरलेल्या दोन अ‍ॅपना ती एरवीही शोधूनच काढायची. त्या काळ्या काचेचा मी माझ्या फोनवर फोटो काढला, कागदावर कुठल्या टिकलीला कुठलं अ‍ॅप ते लिहिलं, टिकल्या काढल्या आणि मगच टॅब चालू केला.

तुमच्या आजीच्या टॅबवर बहुधा तीन गोष्टी एकदम बदललेल्या असतील, त्या वेगवेगळ्या करून बघा. पहिली म्हणजे अ‍ॅप उडालेत की नुसते हललेत. होम स्क्रीनवर खालून वर बोट सरकवलं की सगळ्या अ‍ॅपची यादी येते. त्यात अ‍ॅप असेल तर काहीही हरवलेलं नाही. यादीतून ते दाबून धरून परत होम स्क्रीनवर आणता येतं.

दुसरी गोष्ट चौकटींची. आजीच्या टॅबवर आडव्या ओळीत आधी पाच आयकॉन बसायचे, अपडेटनंतर सहा झाले. त्यामुळे आयकॉन बारीक झाले आणि प्रत्येक जागा थोडी थोडी सरकली. आधी किती होते हे मी तिलाच विचारलं. तिने पंजा पसरून दाखवला, "एवढे. एका बोटाला एक." रिकाम्या जागेवर दाबून धरलं की होम स्क्रीनच्या सेटिंग्ज उघडतात, तिथे Home screen grid मध्ये जुना आकडा परत लावा. हे आधी करायचं आणि आयकॉन नंतर हलवायचे. उलट केलंत तर आकडा बदलल्यावर सगळे पुन्हा सरकतील.

तिसरी गोष्ट खालच्या तीन बटणांची. ती गायब होऊन त्याऐवजी कडेने बोट ओढायची पद्धत आली असेल, तर मागे कसं जायचं हेच आजीला कळत नाही. ती एका अ‍ॅपमध्ये अडकून पडते आणि आपल्याला वाटतं टॅब हँग झालाय. काही टॅबवर हे Display मध्ये Navigation bar खाली सापडतं, काहींवर System मध्ये Gestures खाली. तिथे बटणांचा पर्याय निवडा. आमच्याकडे हे एक काम झाल्याबरोबर आजीने हुश्श केलं, आयकॉन तर अजून लावायचेच होते.

मग फोटोत बघून एकेक आयकॉन टिकलीच्या जागी नेला. वीस मिनिटं लागली. शेवटी होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये Lock Home screen layout चालू केलं, म्हणजे तिचं बोट चुकून जास्त वेळ टेकलं तरी आयकॉन हलत नाही. पुढचं मोठं अपडेट मात्र या कुलपाला जुमानेलच असं नाही. अपडेट कायमचे बंद ठेवा असंही मी म्हणणार नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात आणि आजीच्या टॅबवर बँकेचं अ‍ॅप आहे. मी फक्त वायफायवर आपोआप डाउनलोड होणं बंद केलंय. महिन्यातून एकदा वाईला जाते तेव्हा आधी स्क्रीनचा फोटो काढते, मग तिच्यासमोर अपडेट लावते, आणि काही हललं असेल तर निघण्याआधी जागेवर आणून ठेवते.

सगळं लावून झाल्यावर आजीने डोळे मिटून हरिपाठाच्या जागी बोट ठेवलं. टाळ वाजले तशी ती मान डोलवायला लागली. अपडेटबरोबर स्क्रीनवर हवामानाची एक मोठी चौकट आपसूक आली होती, ती मी काढायला घेतली तेव्हा मात्र तिने माझा हात धरला. "ते राहू दे. परवा वळवाचा पाऊस दाखवतोय. कुरडया उद्याच घालून घेऊ."